चाकण ते बंगळूर, गाडीवर एकच ड्रायव्हर: आठ तासांच्या हिशोबात ट्रिप कशी बसवायची

चाकणहून बंगळूरचा माल भरला की ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून ड्रायव्हरला बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगितली जाते: "उद्या संध्याकाळपर्यंत गाडी खाली झाली पाहिजे." अंतर साधारण ८७० किलोमीटर. भरलेल्या मल्टिअ‍ॅक्सल गाडीचा घाट, टोल आणि शहरांजवळची गर्दी धरून ताशी ४५ चा सरासरी वेग पडतो, म्हणजे नुसतं स्टिअरिंगवर बसणं एकोणीस ते वीस तासांचं. गाडी दुपारी दोनला कंपनीच्या गेटबाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पोहोचवायची असली, तर हातात अठ्ठावीस तास राहतात. त्यातले वीस गाडी चालवण्यात गेले की उरलेल्या आठांत जेवण, आंघोळ, डिझेल, टायर बघणं आणि झोप. झोपेला चार तास मिळाले तरी खूप.

ही ट्रिप कायद्याने किती दिवसांची आहे, ते दिवस कसे मोजायचे आणि रस्त्यावर ते कसे पाळायचे, हे एकेक पायरीने मांडतो. वाचणारे गाडीमालक असतील, ड्रायव्हर असतील किंवा ड्रायव्हरच्या घरचे असतील, हिशोब सगळ्यांना करता आला पाहिजे.

आधी मर्यादा नीट समजून घ्या

ड्रायव्हरच्या कामाचे तास मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ ने ठरवले. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. त्याआधी निदान अर्ध्या तासाची विश्रांती. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा पसारा, मधल्या विश्रांतीसकट, बारा तासांच्या आत. आणि एका दिवसाची ड्यूटी संपल्यापासून दुसऱ्या दिवशीची सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची सुट्टी. आखणी करताना हे चार आकडे सतत लागतात: आठ, पाच, बारा, नऊ.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात सामावला. दिवसाचे आठ तास तिच्यातही तेच आहेत आणि ड्रायव्हरच्या बाबतीत कामाचा वेळ कशाला म्हणायचं, हेही तसंच ठेवलं आहे. मधली विश्रांती आणि दिवसाचा पसारा किती असावा, हे अधिसूचनेने ठरवायचं काम संहितेने सरकारवर सोपवलं आहे. आखणीसाठी १९६१ चेच आकडे धरावेत असं माझं मत आहे, कारण माणसाचं शरीर कायद्याच्या नावावर चालत नाही.

एकदोन गाड्या असलेले मालक म्हणतात, "हे मोठ्या कंपन्यांसाठी, आमच्याकडे कुठे पाच माणसं आहेत?" १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगारांच्या व्यवसायाला लागू होता आणि संहितेत हा आकडा दहा आहे, हे खरं. पण मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ९१ वेगळं आहे. वाहतुकीची गाडी चालवणाऱ्या कोणाही माणसाच्या कामाचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणेच असतील, असं ते सांगतं. तिथे माणसं मोजलेली नाहीत. एका गाडीच्या मालकाने स्वतःला या हिशोबाबाहेर धरू नये.

दुसरा गैरसमज दहा तासांचा. लांब पल्ल्याला दहा तास चालतात, असं ठामपणे सांगणारे भेटतात. १९६१ च्या कायद्यात दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांची सवलत होती, पण ती अधिसूचित लांब मार्गांसाठी किंवा सणासुदीसाठी, आणि तीही ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी असेल तर. मालक आणि ड्रायव्हरने आपसांत ठरवलं म्हणून आठाचे दहा होत नाहीत. मंजुरीने झाले तरी आठच्या वरच्या तासांचा पगार दुप्पट दराने द्यावा लागतो.

पहिली पायरी: घड्याळ गेटवर सुरू करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ड्रायव्हर आणि मालक दोघंही गाडी हलली तिथून तास मोजतात. कायदा तसं मोजत नाही. ड्रायव्हर मालकाच्या किंवा मालवाल्याच्या हाताखाली आहे, त्याच्या बोलावण्यावर बांधलेला आहे, तो सगळा वेळ कामाचा. गाडी चालवणं त्यात आलंच, पण त्याबरोबर माल भरणं-उतरवणं, ताडपत्री आणि दोर आवळणं, बिल्टी आणि सह्या, गाडीची देखभाल-दुरुस्ती, गाडी ताब्यात घेणं आणि लावणं, हेही आलं. टर्मिनलवर पंधरा मिनिटांपेक्षा कमी थांबावं लागलं तर तोही वेळ धरायचा.

चाकणच्या कारखान्यांच्या बाहेर गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. ड्रायव्हर सकाळी दहाला रिपोर्ट करतो. गेटपास, वजनकाटा, रांग, दर थोड्या वेळाने गाडी पुढे घ्यायची, मग डॉकवर लावायची. याला कोणी विश्रांती म्हणत असेल तर त्याला विचारा: ड्रायव्हर तासभर गाडी सोडून झोपायला किंवा जेवायला जाऊ शकत होता का? जाऊ शकत नसेल तर तो कामावर होता. याउलट, "तुमचा नंबर तीन वाजता, तोवर मोकळे" असं कंपनीने सांगितलं, गाडी आत सुरक्षित लावून घेतली आणि झोपायला जागा दिली, तर ती विश्रांती धरता येते. काही कंपन्या अशी सोय करतात. जिथे करत नाहीत तिथे मालकाने भाडं ठरवतानाच ती मागावी, कारण गेटवर गेलेला प्रत्येक तास रस्त्यावरच्या तासातून कापला जातो.

दुसरी पायरी: ट्रिप कागदावर दिवसांत कापा

आता प्रत्यक्ष ट्रिप घेऊ. ड्रायव्हर सकाळी दहाला चाकणला हजर. दुपारी दोनला माल भरून, ताडपत्री बांधून, कागद हातात. चार तास संपले. अर्धा तास जेवण. अडीचला निघून आणखी चार तास गाडी चालवता येते. चाकणमधून बाहेर पडायची गर्दी, बाह्यवळण, कात्रज, पुढे खंबाटकी, या टप्प्यात ताशी पस्तीसच धरा. साडेसहाला गाडी साताऱ्याच्या आसपास येते, साधारण १४० किलोमीटर. पहिला दिवस इथेच संपतो.

मालकाला हे पटत नाही. दिवस मावळतो आहे, रस्ता आत्ता कुठे मोकळा होतो आहे आणि गाडी साताऱ्याला उभी! पण जो माणूस पहाटे सहाला उठून चाकणला आला, तो इथपर्यंत साडेबारा तास जागा आहे. त्याच दमात तो कोल्हापूर, निपाणी करत बेळगावपर्यंत गेला तर रात्री दोनला त्याचं जागरण वीस तासांचं होतं. सतरा ते एकोणीस तास जागा असलेला माणूस प्रतिक्रियेत जितका मंद होतो, तो मंदपणा रक्तात १०० मिलीलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याइतका असतो, असं अभ्यासातून दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. दारू न पिता माणूस त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो आणि नाक्यावरचं यंत्र ते दाखवत नाही.

नऊ तासांची सुट्टी मोजली तर ड्रायव्हर पहाटे साडेतीनला निघू शकतो. मी साडेपाच धरतो. रात्री दोन ते सकाळी सहा हा काळ झोपेचा सगळ्यात मोठा ओढा असलेला, झोप पुरी झालेल्या माणसालाही तो जाणवतो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान दुसरा, जरा हलका ओढा येतो. कायदा हे दोन ओढे मोजत नाही, आखणाऱ्याने मोजायचे.

दुसरा दिवस साडेपाचला. पंधरा मिनिटं टायर, हवा, ब्रेक, दोर बघण्यात जातात आणि तीही कामात धरा. पावणेसहा ते पावणेदहा गाडी. निपाणी ओलांडून थोडं पुढे. पाऊण तास थांबा, नाश्ता-जेवण. साडेदहा ते सव्वादोन, पावणेचार तास. बेळगाव, धारवाड करून गाडी हुबळीच्या आसपास येते. आठ तास पुरे झाले आणि दुपारचा झोपेचा ओढाही उभ्या गाडीत गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला हुबळीहून. पंधरा मिनिटं पाहणी, मग दोन टप्प्यांत पावणेआठ तास. पहिला चार तासांचा, दावणगेरेच्या पुढे. मधे पाऊण तास. दुसरा टप्पा चित्रदुर्ग, सिरा करून तुमकूर ओलांडेपर्यंत. रस्ता मोकळा असतो, सरासरी पन्नासच्या जवळ जाते. पावणेदोनला गाडी बंगळूरच्या उंबरठ्यावर. तिथे थांबायचं, रात्रीची झोप घ्यायची आणि चौथ्या दिवशी सकाळी गोदामावर लावायची. दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात सोडतात की नाही आणि कोणत्या वेळेत, हे मालवाल्याकडून आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

म्हणजे खरी वेळ ही: आज भरलेला माल परवा दुपारी शहराबाहेर, तेरवा सकाळी खाली. ई-वे बिलाची मुदत या आड येत नाही. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, ८७० किलोमीटरला पाच दिवस. "कागद संपतील" म्हणून रात्रभर गाडी हाकायला लावणाऱ्याला हा हिशोब दाखवा. घाई मालवाल्याच्या शब्दाची असते आणि शब्द भाडं ठरवताना बदलता येतो.

तीन दिवस जाण्याचे, एक खाली करून परतीचा माल भरण्याचा, तीन येण्याचे. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास सहा पूर्ण दिवसांत संपतात, म्हणून सहा दिवसांनंतर एक पूर्ण सुट्टी धरलीच पाहिजे. सेवा विस्कळीत होऊ नये म्हणून सुट्टी पुढे ढकलायची मुभा आहे, पण सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम तेव्हाही घेता येत नाही. एका ड्रायव्हरची पुणे-बंगळूर फेरी आठ दिवसांची, महिन्याला साडेतीन ते चार फेऱ्या. गाडीच्या हप्त्याचा हिशोब पाच-सहा फेऱ्यांवर मांडला असेल, तर तो हिशोब ड्रायव्हरच्या झोपेवर उभा आहे, हे मालकाने मान्य करावं. फेऱ्या वाढवायच्या असतील तर माणसं वाढवावी लागतात.

दोन ड्रायव्हर घेतले की प्रश्न सुटतो का?

अर्धाच. याचा नीट विचार पुणे-नागपूर रात्रीच्या बसवर करता येतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला येणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासून या मार्गावरचे प्रवासी चढतानाच विचारतात, "ड्रायव्हर किती आहेत?" प्रश्न बरोबर आहे, पण पुरेसा नाही.

संध्याकाळी सहाला पुण्याहून निघालेली बस सकाळी सातला नागपुरात. तेरा तास, दोघांना साडेसहा-साडेसहा. कागदावर दोघंही आठच्या आत. आता बारकाईने बघा. दुसरा ड्रायव्हर पहिल्या टप्प्यात झोपणार तो चालत्या बसमध्ये, केबिनमागच्या अरुंद जागेत किंवा खाली डिकीत. धक्के, हॉर्न, थांबे. रात्री साडेबाराला त्याला उठवून समृद्धीच्या सरळ, एकसुरी रस्त्यावर बसवतात आणि दोन ते सहाचा सगळ्यात वाईट काळ पुरा त्याच्या वाट्याला येतो. चालत्या गाडीतली ही झोप त्या नऊ तासांत धरू नका. नऊ तास सलग हवेत आणि त्या वेळात माणूस कामापासून मोकळा हवा.

परतीचा हिशोब याहून वाईट. सातला नागपूर, प्रवासी उतरवणं, पार्किंग, बस धुणं, साडेआठ वाजतात. संध्याकाळी पाचला पुन्हा गाडी लावायची. मधे साडेआठ तास, नऊ पुरे होत नाहीत, आणि ही झोप दिवसाच्या उन्हात उभ्या बसमध्ये.

याला उपाय आहे आणि तो नवा नाही. एस.टी. लांब पल्ल्याच्या गाड्यांवर वाटेतल्या आगारात चालक बदलते. खासगी मालकाने छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्याला एक खोली भाड्याने घेऊन तिथे ड्रायव्हर बदलला, तर पुण्याहून निघालेला माणूस पाच-सहा तास चालवून पलंगावर झोपतो आणि पुढची गाडी तिथे झोप घेऊन बसलेला माणूस नेतो. बंगळूरच्या मालालाही हेच लागू: सातारा आणि हुबळी अशा दोन ठिकाणी ड्रायव्हर बदलले तर गाडी थांबवावी लागत नाही आणि कोणाचेही आठ तास ओलांडत नाहीत. तीन-चार छोट्या मालकांनी मिळून अशी खोली ठेवली तर खर्चही वाटला जातो. ड्रायव्हरला जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली किंवा योग्य पर्याय देणं ही १९६१ च्या कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारीच होती.

तिसरी पायरी: रस्त्यावर विश्रांती खरी विश्रांती करा

मुक्कामाची जागा निघण्याआधी ठरवा. ऐन वेळी शोधली की ड्रायव्हर "पुढे बघू" म्हणत तासभर ओढतो. उजेड असलेला, कॅमेरे असलेला, ओळखीचा पेट्रोल पंप किंवा ढाबा. डिझेल चोरीला जाईल, ताडपत्री फाडतील या धास्तीने ड्रायव्हर दर तासाला उठतो, आणि माल राखायची जबाबदारी त्याच्यावर टाकली असेल तर तो झोपलेला नसून पहारा देत असतो. जिथे वॉचमन आहे तिथले शंभर-दोनशे रुपये ट्रिपच्या खर्चात मालकाने धरावेत. मुक्कामाच्या वेळेत ड्रायव्हरला फोन करू नये. "कुठे पोचलास?" हे गाडीचं जीपीएस सांगतं.

दोन मुक्कामांच्या मधे झोप आली तर ती ओळखायची कशी? जांभई ही लवकर दिसणारी खूण, पण तिच्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात. जास्त नेमकी खूण म्हणजे मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत. एखादा टोल किंवा पूल कधी गेला ते कळलं नाही. गाडी पट्टीकडे सरकते आणि स्टिअरिंग झटक्याने सरळ करावं लागतं. वेग आपोआप कमी-जास्त होतो. हे दिसलं की मेंदू काही सेकंदांच्या डुलक्या घ्यायला लागलेला असतो. ताशी ८० च्या वेगाने चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर जाते. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं, याने काही मिनिटं बरं वाटतं, पण झोपेची उणीव तशीच राहते.

करायचं ते असं. पहिल्या सुरक्षित जागी गाडी रस्त्यावरून पूर्ण बाहेर घ्या. महामार्गाच्या कडेला, खांद्यावर नाही, तिथे मागून येणारा झोपेत असू शकतो. एक कडक कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून झोपा. कॉफीचा परिणाम यायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी पुरी होते. उठल्यावर दहा मिनिटं चाला, मगच चावी फिरवा, कारण झोपेतून उठल्या उठल्या डोकं जड असतं. याने तासभर मिळतो. तो तास मुक्कामाच्या जागी पोहोचण्यासाठी वापरायचा, ट्रिप पुरी करण्यासाठी नाही.

सर्दी-खोकल्याच्या अनेक गोळ्या-औषधांनी झोप येते, औषधवाल्याला "मी गाडी चालवतो" असं सांगूनच ती घ्या. आणि जो ड्रायव्हर जोरात घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो, आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो, त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. झोपेत श्वास थांबण्याचा तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, पण वेळापत्रकाने तो बरा होत नाही.

चौथी पायरी: नोंद

दोनशे पानी वही पुरते. ओळीला पाच गोष्टी: तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, ठिकाण, काय केलं. "१०:०० ते १४:००, चाकण, लोडिंग" हीसुद्धा ओळ. "१४:०० ते १४:३०, जेवण" हीसुद्धा. ड्रायव्हरने ती स्वतःच्या हाताने, त्या त्या वेळी लिहावी. ट्रिप संपल्यावर एकदम भरलेली वही सगळी पाच-दहाच्या पटीत असते आणि लगेच ओळखू येते.

पडताळायला फास्टॅगचे मेसेज हाताशी असतात. आनेवाडीचा टोल किती वाजता, तासवडेचा किती, किणीचा किती, पुढे कर्नाटकातले. दोन टोलांमधला वेळ आणि वहीतला थांबा जुळतो का ते मालकाने आठवड्यातून एकदा बघावं. वहीत साताऱ्याला नऊ तास मुक्काम आहे आणि तासवड्याचा मेसेज रात्री अकराचा आहे, तर वही खोटी आहे. अशा वेळी ड्रायव्हरवर ओरडण्याआधी त्याला कोणी काय वेळ दिली होती ते विचारा. बहुतेकदा लवकर पोहोचण्याचं बक्षीस आणि उशिराची भत्त्यातली कपात यांनीच ती वही खोटी लिहायला लावलेली असते. पगार फेरीवर न ठेवता महिन्यावर आणि भत्ता दिवसावर ठेवला, की खोट्या वहीचं कारणच निम्मं जातं.

ड्रायव्हरकडेही या नोंदीची एक प्रत हवी. रोज रात्री पानाचा फोटो काढून घरी पाठवावा, टोलचे मेसेज पुसू नयेत. आठ तासांच्या वरचे पैसे मागायचे असोत, कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करायची असो किंवा अपघातानंतर पोलिसांनी "किती वेळ चालवत होता?" असं विचारलं असो, दाखवायला कागद लागतो. मालकाने लेखी वेळ दिली असेल तर तीही जपावी. तोंडी दिली असेल तर निघताना त्यालाच एक मेसेज टाकावा: "शेठ, दोनला गाडी भरून निघाली. आज साताऱ्याला मुक्काम, उद्या हुबळी, परवा दुपारी तुमकूरच्या पुढे." मालकाने त्यावर "ठीक" लिहिलं, तर तेच त्या ट्रिपचं लेखी वेळापत्रक.